अनइन्स्टॉल केलं म्हणून पैसे परत येत नाहीत

मोबाइलवर चुकीची खरेदी झाली की आपल्याकडे त्यावर तीन ठरलेले उपाय केले जातात. ॲप उडवून टाकायचं, प्ले स्टोअरवर एक स्टार देऊन खाली दोन ओळी राग काढायचा आणि ग्रुपवर ‘हे घेऊ नका रे’ असा मेसेज टाकायचा. तिन्हींनी मन हलकं होतं, आणि खातंही हलकंच राहतं. पैसे परत मागायची जागा वेगळीच आहे. ती गुगल प्लेच्या ऑर्डर हिस्टरीच्या पानावर आहे आणि तिथे पोहोचायला आपल्याकडे साधारण ४८ तास असतात. हे ४८ तास बहुतेक जण रागवण्यात घालवतात, हीच माझी तक्रार आहे. आणि दुकानाबद्दलची तक्रार अशी की हा वेळ चालू आहे हे ते आपल्याला सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या एका मैत्रिणीला नोट्स स्कॅन करून पीडीएफ करायला ॲप हवं आहे. सबमिशन तोंडावर आलंय. शुक्रवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी ती एक ॲप उतरवते आणि महिनाभरासाठी त्याचा पेड प्लॅन घ्यायचं ठरवते. स्क्रीनवर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘महिन्याला फक्त १२५ रुपये’. ती बटण दाबते, यूपीआय पिन टाकते, आणि बँकेचा मेसेज येतो तो १,४९९ रुपये गेल्याचा. ठळक अक्षरांच्या खाली बारीक अक्षरांत ‘वर्षाचे पैसे एकदम’ असं लिहिलेलं होतं. १,४९९ भागिले १२ म्हणजे जवळपास १२५, त्यामुळे ॲपवाला खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. पण तिची मेस त्या महिन्यात बोंबलणार, हे नक्की.

आता ती काय करेल? बहुधा ॲप अनइन्स्टॉल करेल. त्याने फोनमधली जागा मोकळी होते, बाकी काहीच होत नाही. सबस्क्रिप्शन तुमच्या गुगल खात्याशी जोडलेलं असतं, फोनमधल्या ॲपशी नाही. ॲप गेलं तरी ते चालूच राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे कापायला हजर होतं.

कुणीतरी तिला सांगेल की सबस्क्रिप्शन कॅन्सल कर. हे करायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. कॅन्सल केल्यावर पुढचे पैसे कापले जाणं थांबतं. गेलेले १,४९९ मात्र गेलेलेच राहतात आणि वर्ष संपेपर्यंत ती सेवा तुमच्या नावावर असते. कॅन्सल म्हणजे ‘यापुढे नको’ आणि रिफंड म्हणजे ‘झालेलं परत करा’. या दोन मागण्या वेगळ्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी कराव्या लागतात. मी पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण कॅन्सल करून पैशांची वाट बघत बसलेले असतात.

तर रिफंडची वाट अशी आहे. ब्राउझरमध्ये play.google.com उघडायचं. वर उजव्या कोपऱ्यात आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून Payments & subscriptions मध्ये जायचं आणि तिथून Budget & order history मध्ये. आजवर घेतलेलं सगळं तिथे तारखेनुसार दिसतं. हे पान एरवी कुणी उघडत नाही, आणि पहिल्यांदा उघडणाऱ्याला थोडा धक्काही बसतो, कारण दोन वर्षांपूर्वी गेममध्ये घेतलेली ८९ रुपयांची नाणीसुद्धा तिथे शांतपणे बसलेली असतात. आपल्याला हवी ती ऑर्डर शोधायची आणि तिच्यासमोरच्या Report a problem वर क्लिक करायचं. एक छोटा फॉर्म उघडतो. त्यात कारण निवडायचं, दोन-तीन वाक्यं लिहायची, रिफंड हवा आहे हे स्पष्ट सांगायचं आणि पाठवून द्यायचं. निर्णय ईमेलवर येतो. कधी काही मिनिटांत येतो, कधी त्याला तीन-चार दिवसही लागतात.

पहिली अडचण इथेच येते. पान उघडतं, पण त्यात ऑर्डरच नसते. घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा आपण चुकीच्या खात्यातून आत गेलेलो असतो. आपल्यापैकी अनेकांकडे दोन जीमेल असतात, एक स्वतःचं आणि एक कॉलेजने दिलेलं. फोनवर खरेदी एका खात्यातून होते आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये दुसरं उघडं असतं. अशा वेळी पावतीचा ईमेल शोधायचा. गुगल प्लेची पावती googleplay-noreply@google.com या पत्त्यावरून येते आणि ज्या इनबॉक्समध्ये ती सापडेल तेच खातं आपल्या खरेदीचं. पावतीवर GPA. ने सुरू होणारा लांबलचक ऑर्डर नंबरही असतो. तो कॉपी करून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच मागतात. कोणत्याच खात्यात पावती नसेल, तर त्या ॲपने पैसे गुगल प्लेमधून न घेता परस्पर घेतलेले असू शकतात. मग गुगलचं पान तुमच्यासाठी काही करू शकत नाही आणि थेट ॲपवाल्याशीच बोलावं लागतं.

फॉर्ममधलं कारण निवडताना अनेकांची बुद्धी जरा जास्त चालते. चुकून खरेदी झाली, आता नको आहे, घरच्या कुणीतरी परवानगीशिवाय घेतलं, चालत नाही, ही खरेदी मला माहीतच नाही, अशा अर्थाचे पर्याय असतात. होस्टेलमधला एखादा सीनियर छातीठोकपणे सांगतो की ‘मला माहीतच नाही’ हे टाक, पटकन पैसे येतात. असं करू नका. हा पर्याय अनोळखी माणसाने तुमच्या खात्यातून पैसे उडवले असतील त्यासाठी आहे. त्या तक्रारीचा मार्ग वेगळा आहे आणि तिच्यासाठी व्यवहारापासून १२० दिवसांची मुदतही वेगळी आहे. तुमच्याच फोनवरून, तुमच्याच पिनने झालेली खरेदी तुम्ही फसवणूक म्हणून दाखवलीत, तर एक खरी, साधी, मान्य होण्यासारखी मागणी तुम्ही स्वतःच संशयास्पद करून ठेवता. आपल्या मैत्रिणीचं खरं कारण पुरेसं चांगलं आहे. तिने एवढंच लिहावं, की मला महिन्याचा प्लॅन हवा होता, चुकून वर्षाचा घेतला गेला, खरेदी शुक्रवारी रात्री ९.४० ची आहे, मी ही सेवा वापरलेली नाही, १,४९९ रुपये परत करावेत. यातलं ‘वापरलेली नाही’ हे वाक्य खरं असेल तरच लिहायचं. शंभर पानं स्कॅन करून मग रिफंड मागणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता ४८ तासांबद्दल. रविवारी रात्री ९.४० च्या आत तिने फॉर्म भरला, तर निर्णय गुगल घेतं. त्यानंतर गेली, तर गुगल साधारणपणे हात वर करतं आणि ॲप बनवणाऱ्याकडे बोट दाखवतं. आणि मुदतीत गेलं तरी रिफंड मिळेलच असं नाही. गुगलच्या धोरणाची भाषा ‘मिळू शकतो’ अशी आहे, ‘मिळेल’ अशी नाही. शिवाय एकदा परत केलेलं ॲप पुन्हा विकत घेतलंत, तर त्याचा रिफंड दुसऱ्यांदा मिळत नाही. गेममधल्या नाण्यांचे पैसे परत घेतलेत, तर ऑर्डर रद्द झाल्याचं गेम बनवणाऱ्याला कळतं आणि तो ती नाणी काढून घेऊ शकतो. हे योग्यच आहे, माल ठेवून पैसेही परत कसे मिळतील?

पण ही मुदत ठरवली कुणी, हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण ती आकाशातून पडलेली नाही. गुगलच्या दुकानाचं नाव अँड्रॉइड मार्केट होतं तेव्हा विकत घेतलेलं ॲप २४ तासांत परत करता यायचं. डिसेंबर २०१० मध्ये ही मुदत एकदम १५ मिनिटांवर आली. १५ मिनिटांत मोठा गेम धड डाउनलोडही होत नसे, तर आवडला की नाही हे कळणार कधी? मग २०१४ मध्ये ती दोन तास झाली. त्या दोन तासांत पैसे देऊन घेतलेल्या ॲपच्या पानावरच Refund चं बटण दिसायचं, कारण सांगायची गरज नसायची. म्हणजे २४ तास, १५ मिनिटं, दोन तास. प्रत्येक वेळी दुकानाने ठरवलं आणि आपण ‘ओके’ दाबलं. तुलनेसाठी पीसी गेमर्सना ठाऊक असलेलं स्टीम बघा. तिथे २०१५ पासून नियम साधा आहे. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर गेमचे पैसे परत. तेही परदेशी दुकान आहे आणि तेही नफ्यासाठीच चालतं. पण तिथला गिऱ्हाईक आपण कुठे उभे आहोत हे दोन आकड्यांवरून स्वतः तपासू शकतो. ‘मिळू शकतो’ या शब्दांवरून तसं काहीच तपासता येत नाही.

आयफोनवाल्यांची वाट थोडी वेगळी आहे. reportaproblem.apple.com वर आपल्या ॲपल खात्याने आत जायचं, रिफंड मागायचा पर्याय निवडायचा, कारण निवडायचं आणि खरेदीच्या यादीतून वस्तू निवडून पाठवायचं. साधारण २४ ते ४८ तासांत उत्तर येतं. पैसे अजून ‘पेंडिंग’ दिसत असतील तर मागणी करता येत नाही, ते पूर्ण कापले जाईपर्यंत थांबावं लागतं. तिथेही अंतिम निर्णय कंपनीचाच.

समजा, मैत्रिणीला हे सगळं मंगळवारी कळलं. खेळ पूर्ण संपलेला नाही. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर खाली ॲप बनवणाऱ्याचा ईमेल दिलेला असतो. त्याच्याकडे स्वतःहून ऑर्डर परत करण्याची सोय गुगलने दिलेली आहे, ‘आमच्या हातात काही नाही’ हे त्याचं उत्तर बरोबर नसतं. त्याला GPA. चा ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम आणि झालेला घोळ चार ओळींत, सभ्य भाषेत लिहायचा. छोट्या डेव्हलपरसाठी एक नाराज गिऱ्हाईक आणि एक वाईट रेटिंग ही महागडी गोष्ट असते, त्यामुळे अनेकदा उत्तर येतं. अर्थात सबस्क्रिप्शन कॅन्सल करायचं काम तिने तोपर्यंत उरकलेलं असायला हवं. रिफंड मंजूर झाल्यावरही Payments & subscriptions मधल्या Subscriptions मध्ये जाऊन ते खरंच थांबलंय का, हे एकदा डोळ्यांनी बघायचं. तसंच यूपीआय ॲपमधल्या ऑटो पेच्या यादीतही डोकावायचं.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात अजिबात करायची नाही. गुगलवर ‘प्ले स्टोअर रिफंड कस्टमर केअर नंबर’ असं शोधून पहिल्या दिसेल त्या नंबरावर फोन लावायचा नाही. तिथे भामटे बसलेले असू शकतात. ते गोड बोलून ‘रिफंडसाठी’ यूपीआय पिन टाकायला लावतात. यूपीआय पिन पैसे पाठवण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. खरा रिफंड ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने आपोआप येतो, त्यासाठी कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही. १,४९९ परत मिळवायला जाऊन १४,९९९ घालवायची ही हमखास जागा आहे.

‘आपण सही केलीय ना, मग आता काय’ असं म्हणणारे लोक नेहमी भेटतात. त्यांना अमेरिकेतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. एकदा पासवर्ड टाकला की पुढची ३० मिनिटं प्ले स्टोअर पुन्हा पासवर्ड विचारत नसे. आई-बाबांनी एक वस्तू घेऊन फोन पोराच्या हातात दिला, की पोरगं त्या अर्ध्या तासात गेममध्ये वाटेल तेवढी खरेदी करून मोकळं. तक्रारी आल्या तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ही चूक पालकांची मानली नाही, दुकानाच्या रचनेची मानली. २०१४ मध्ये गुगलला किमान १.९ कोटी डॉलर आणि ॲपलला किमान ३.२५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करायचं कबूल करावं लागलं. बटणं कुठे आणि कशी ठेवलीत याची जबाबदारी बटणं ठेवणाऱ्यावर येऊ शकते, हे त्यातून दिसलं. घरात लहान भावंडं तुमच्या फोनवर खेळत असतील, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये Purchase verification उघडून प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडेही कायदा आहे, फक्त तो कुणी वापरत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले आणि ते डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत. कंपनी भारतात स्थापन झालेली नसली, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करत असली, तरी ती या नियमांतून सुटत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची, असं त्यात लिहिलंय. ४८ तासांचं घड्याळ फक्त आपल्यासाठीच नाही, हे वाचून मला तरी बरं वाटलं. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत. सबस्क्रिप्शन सोडणं मुद्दाम अवघड करणं हा त्यातला एक. एक माहिती ठळक करून दुसरी महत्त्वाची माहिती दडवणं हा आणखी एक. ‘महिन्याला फक्त १२५’ मोठ्या अक्षरांत आणि ‘वर्षाचे एकदम’ बारीक अक्षरांत, हे या प्रकारात मोडतं असं माझं मत आहे. ते ठरवायचा अधिकार प्राधिकरणाचा आहे, पण प्रश्न त्यांच्यासमोर गेला तरच ते ठरवतील.

माझी मागणी फार मोठी नाही. पावतीचा ईमेल तर दुकान पाठवतंच. त्याच ईमेलमध्ये वरच लिहावं, की ही खरेदी रविवारी रात्री ९.४० पर्यंत परत मागता येईल आणि त्यासाठी इथे क्लिक करा. खरेदीची वेळ त्यांच्याकडे आहे, रिफंडचा फॉर्म त्यांच्याकडे आहे, एक ओळ वाढवायची आहे. विकताना एका अंगठ्याच्या ठशात काम होतं, मग परत करायला मेनूत मेनू कशाला?

तोवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. गुगलने नाही म्हटलं, ॲपवाल्याने उत्तर दिलं नाही, तर तिथे तक्रार करता येते. त्यासाठी हाताशी ऑर्डरची पावती हवी, गुगलचं आणि डेव्हलपरचं ईमेलमधलं उत्तर हवं, आणि ज्या स्क्रीनने घोळ केला तिचा स्क्रीनशॉट हवा. पहिल्या दोन गोष्टी इनबॉक्समध्ये सापडतात. तिसरी बहुतेकांकडे नसते, कारण ॲप पहिल्या पाच मिनिटांतच उडवलेलं असतं.